आईच्या परत येण्याचे कागद

ते पत्र मी आईला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा इंग्रजीत, कारण ती म्हणाली, आधी आहे तसंच वाच. मग मराठीत. मग पुन्हा मराठीत, पण हळू. पडवीतलं ऊन सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि ती सुपात तांदूळ निवडत होती. वाचन संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत. खडा सापडला की ती तो अंगणात टाकायची आणि कोंबडी उगाच धावत यायची.

पत्र इंग्लंडच्या व्हिसा कचेरीतून आलं होतं. माझी मोठी बहीण तिकडे राहते. भावोजी आधी गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते, तिथून मुंबईला गेले आणि मुंबईहून इंग्लंडातल्या एका लहान शहरात. ताईला दिवस गेले होते. बाळ फेब्रुवारीच्या अखेरीस येणार होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण डॉक्टरांनी तिला इतका लांबचा प्रवास करू नको म्हणून सांगितलं. तेव्हा माहेरानंच तिच्याकडे जायचं असं ठरलं. माहेर म्हणजे आई.

पत्रात नकार होता, आणि नकाराची कारणं क्रमांक घालून दिली होती. जमिनीचा जो कागद जोडला आहे त्यावरून जमीन तुमची आहे असं दिसत नाही, आणि त्याचं भाषांतरही नाही. तुमच्या खात्यात अलीकडेच एकदम मोठी रक्कम आली आहे, ती कुठून आली ते सांगितलेलं नाही. तुम्ही नोकरी करता म्हणता, पण सहा महिने नोकरी सोडून कशा राहणार ते कळत नाही. या सगळ्यावरून, तुमचा मुक्काम संपल्यावर तुम्ही परत जाल याची मला खात्री वाटत नाही.

आई म्हणाली, "मी परत येणार नाय, असा त्याला कोणी सांगितलान?"

"कोणी नाही सांगितलं. आपण येणार हे दाखवलं नाही, असं म्हणतायत."

"दाखवायचा काय त्यात? माणूस जातो तो परत येतोच की."

मी पत्राची घडी घातली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात यायचा, मग तो गॅसच्या सबसिडीचा असो नाहीतर औषधाच्या खोक्यातला. मला सगळं कळतं असं घरात सगळ्यांना वाटे. मला मात्र बरंचसं अर्धंच कळत असे, आणि ते सांगायचा धीर होत नसे.

पहिला अर्ज एस.टी. स्टँडजवळच्या एका एजंटाने भरला होता. त्याच्याकडे आखातात कामाला जाणाऱ्या माणसांचे कागद होत. तिथे करार लागतो, वैद्यकीय तपासणी लागते, पण परत कधी येणार असं कोणी विचारत नाही. त्याने आईचं कामही त्याच हाताने उरकलं. व्हिसा मिळतो तो सहा महिन्यांचाच, मग मुक्कामही सहा महिनेच लिहा, असं तो म्हणाला. बाळंतपण कशाला लिहायचं, उगाच शंका घेतील, नुसतं मुलीकडे आणि फिरायला असं लिहू. ताईने तिकडून पाठवलेलं निमंत्रणाचं पत्र त्याने न वाचताच जोडलं. खातं भरलेलं दिसू दे. म्हणून मुंबईच्या मामाने आईच्या खात्यात रक्कम टाकली आणि स्टेटमेंट काढून झाल्यावर परत घेतली. शेवटी एजंट म्हणाला, जमीन असेल तर काम फत्ते. बाबांनी मोठ्या अभिमानाने सातबारा काढून आणला. त्यावर माझ्या पणजोबांच्या मुलांची, नातवांची आणि सुनांची मिळून एकवीस नावं होती. त्या एकवीस जणांत आई नव्हती. बाबाही नव्हते. बाबांच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती.

हे सगळं होत असताना मी तिथे खुर्चीवर बसले होते. सहा महिने हा आकडा मला खटकला होता. आई अंगणवाडी सेविका आहे. तिला सहा महिने कोण सोडणार? पण समोर एवढा अनुभवी माणूस बसलेला, आणि मी कोण, म्हणून गप्प राहिले. ते पत्र वाचताना माझ्या मनात एजंटाच्या चुकीपेक्षा माझं ते गप्प बसणंच जास्त घोळत होतं.

बाबा मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, आहेत. चार दिवस समुद्रात, एक दिवस घरी, असं त्यांचं चालतं. त्या संध्याकाळी ते आले, हातपाय धुतले, आणि पत्राची गोष्ट ऐकून आईला म्हणाले, "बघ, त्या साहेबालापण ठाव झाला. एकदा का माझ्या तावडीतून सुटलीस तर तू काय परत यायची नायस."

आई हसली नाही. तिने ताटात भाकरी जरा जोरात ठेवली.

मग बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता काय ता करायचा, बाय? पोरगी एकटी हाय तिकडे."

त्या वेळी मी एका फॉर्म भरायच्या सेंटरमध्ये दुपारी दोन ते सहा काम करायची. शिष्यवृत्तीचे अर्ज, पॅन कार्ड, रेशन कार्डाच्या दुरुस्त्या असलं काम. सेंटर ज्या बाईंचं होतं त्यांना आम्ही सगळे काकी म्हणायचो. काकी लग्नाआधी मुंबईत एका प्रवास कंपनीत व्हिसाच्या टेबलावर होत्या, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या त्याबद्दल फारशा बोलत नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी ते पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"एजंटाकडे जायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं गो तुला?"

"तुम्ही कामात असता म्हणून..."

"मी कामात असते आणि तू लाजण्यात." त्यांनी पत्र खाली ठेवलं. "हे बघ, यावर अपील नाही. नवा अर्ज करायचा. फी परत नवी. बाळ कधी आहे?"

"फेब्रुवारीअखेर."

"मग वेळ आहे. पण आधी मला सांग, तुझी आई परत कशासाठी येणार?"

मी बोलायला लागले ते मला थांबताच येईना. ती आमच्यासाठी येणार. तिला घराबाहेर झोप लागत नाही. तिने लावलेली अबोली तिच्याशिवाय कोणी तोडलेली तिला चालत नाही. बाबा समुद्रावरून येतात त्या दिवशी ती दर तासाला दारात जाऊन बघते. काकी ऐकत होत्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

"छान," काकी म्हणाल्या. "आता यातलं काय तो अधिकारी तपासू शकेल?"

मी पत्रातले क्रमांक पुन्हा बघायला लागले.

"तो तुझ्या आईला कधी बघणार नाही. मुलाखत नसते. तो कुठेतरी टेबलाशी बसून कागद बघणार, आणि एका अर्जाला त्याच्याकडे थोडाच वेळ असतो. त्याला एकच ठरवायचं असतं, ही बाई मुक्काम संपला की विमानात बसेल की नाही. तू त्याला असं काहीतरी दे की ज्यावर शिक्का आहे, तारीख आहे, आणि जे तुझ्या बाकीच्या कागदांशी जुळतं. आणि हे ध्यानात ठेव, खोटं एकपण नको. खोटं सापडलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं."

त्या संध्याकाळी वडाप, म्हणजे सीट भरून जाणाऱ्या, रिक्षातून घरी जाताना मी कडेला बसले होते. सड्याच्या पठारावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि लांब, जिथे जमीन संपते तिथे, समुद्र होता की नुसता उजेड होता ते कळत नव्हतं. माणूस कशाने बांधलेला असतो, असं मी स्वतःला विचारत होते. त्या रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट मला कागदासारखी दिसायला लागली. ही विहीर, हिचा कागद आहे का? हा आंबा, हा कोणाच्या नावावर? देवळाची घंटा, आईची काठाला झिजलेली चप्पल, तिच्या हातची सांडगी मिरची, यांचे दाखले कुठल्या खिडकीवर मिळतात? असे विचार करत मी आमच्या फाट्यावरून पुढे गेले. ड्रायव्हर म्हणाला, "उतरायचा नाय काय गो?" तेव्हा जागी झाले आणि पाऊण किलोमीटर मागे चालत आले.

पुढचे काही आठवडे मी कॉलेज आणि सेंटर यांच्यामधल्या वेळात कागद गोळा करत हिंडले.

सुरुवात मुक्कामापासून झाली, आणि तीच सगळ्यात अवघड गेली. आईला तिच्या कचेरीतून तीन आठवड्यांची रजा मिळत होती, काही हक्काची आणि उरलेली मानधन कापून. काकी म्हणाल्या, मग अर्जात तीनच आठवडे लिहायचे, एक दिवसही जास्त नाही. ताईला हे व्हिडिओ कॉलवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिकडे तेव्हा सकाळ होती. ती खिडकीशी बसली होती, आणि तिच्या मागचं आभाळ दुधात पाणी घालावं तसं दिसत होतं.

"तीन आठवडे? अगं, तीन आठवड्यांत बाळ मान तरी धरतं का?"

"सहा महिने मागितले म्हणून एक दिवसपण मिळाला नाही ताई."

"मी पत्रात सगळं नीट लिहिलं होतं. आई बाळाला सांभाळेल म्हणजे मला लवकर कामाला जाता येईल, असंच लिहिलं होतं."

मी काकींचं म्हणणं तिला सांगितलं. पाहुणा म्हणून जाणाऱ्या माणसाने तिथे कामाला म्हणून राहायचं नसतं. आजीने नातवाला मांडीवर घेतलं तर कोणी हरकत घेत नाही, पण मुलीला नोकरीवर जाता यावं म्हणून आजीला बोलवायचं, हे पाहुणी म्हणून जाणं राहत नाही. तुझ्या पत्रामुळे आई तिथे कामाला येतेय असं वाटलं असणार. ताईने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, "म्हणजे आईला आई म्हणून यायला बंदी, पाहुणी म्हणून ये."

शेवटी भावोजी फोनवर आले. त्यांनी त्या महिन्यात रजा टाकली होती आणि पुढेही कामाच्या पाळ्या बदलून घेणार होते, म्हणजे आई निघाल्यावर बाळ उघड्यावर पडणार नव्हतं. त्यांनी नवं पत्र लिहिलं, तीन आठवडे, बाळंतपणाच्या वेळी भेट, राहण्याजेवणाचा आणि तिकिटाचा खर्च आम्ही करू. सोबत त्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, घरभाड्याचा करार, तिथे राहायच्या परवानगीचा पुरावा आणि ताईच्या दवाखान्याचं तारखेचं पत्र. त्यामुळे आईचं खातं फुगवायची गरज उरली नाही. दर महिन्याचं मानधन येतं, त्यातून किराणा जातो, तेवढंच त्यात दिसत होतं, आणि काकींच्या मते ते तसंच दिसायला हवं होतं.

आईच्या नोकरीचे कागद तिच्या ट्रंकेत होते. नेमणुकीचा आदेश इतका जुना होता की घडीवरची अक्षरं उडाली होती. त्याच्यासोबत तिच्या कचेरीने नवं पत्र दिलं: ही बाई इतक्या वर्षांपासून सेविका आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजा मंजूर, त्यानंतरच्या सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे. ते पत्र आणायला मी तिच्या अंगणवाडीवर गेले तेव्हा ती मुलांची वजनं घेत होती. झोळीत बसवलेलं एक पोर काट्याला लटकून गोल गोल फिरत होतं आणि हसत होतं. आई काटा थांबायची वाट बघत होती. मीही बघत उभी राहिले. त्या क्षणाचा फोटो काढून अर्जाला लावावा असं मला फार वाटलं.

घराचा कागद मात्र सापडला. एकवीस नावांची जमीन आमची नव्हती, पण तिच्यावर उभं असलेलं घर ग्रामपंचायतीच्या दप्तरात आईच्या आणि बाबांच्या नावाने होतं. असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा, एकच पान. एजंटाला हा उतारा सुचलाही नव्हता. मी सगळ्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं काकींच्या ओळखीच्या एका भाषांतरकाराकडून करून घेतली. त्याने प्रत्येकावर अचूक असल्याचं लिहून सही, तारीख आणि स्वतःचा पत्ता घातला.

मग काकींनी विचारलं, "नवरा इथेच राहतो, हे दाखवायला लग्नाचा दाखला आहे ना?"

दाखला नव्हता. आईबाबांच्या लग्नाची नोंदच झालेली नव्हती. सत्तावीस वर्षं कोणाला त्याची गरज पडली नव्हती. ग्रामसेवक म्हणाले, उशीर झाला तरी नोंदता येईल, तीन साक्षीदार आणा, दोघांचे फोटो आणा. बाबा समुद्रावरून आले त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ग्रामपंचायतीत बसले. आईने नेहमीची साडी नेसली होती. साक्षीला माझे चुलते होते. ते म्हणाले, "वहिनी, अजून वेळ हाय. विचार करा. एकदा सही झाली की सुटका नाय."

बाबा म्हणाले, "तिला सुटकाच नको हाय. म्हणून तर चाललाय हा सगळा."

आई तेव्हा हसली, पत्र आल्यापासून पहिल्यांदा. सही करताना तिने पदर डोक्यावरून घेतला.

बाबा मागे घरीच आहेत याचा कागद झाला, माझा राहिला होता. काकी म्हणाल्या, लग्न न झालेली, शिकणारी मुलगी मागे असते तेव्हा त्याला वजन असतं, कॉलेजचं बोनाफाईड आण. मी कॉलेजच्या खिडकीवर रांगेत उभी राहिले. माझ्या पुढच्या सगळ्यांना बोनाफाईड शिष्यवृत्तीसाठी नाहीतर एस.टी.च्या पाससाठी हवं होतं. माझा नंबर आला. क्लार्क मान खाली घालून लिहीत होते.

"कारण?"

मी अडखळले. "आईसाठी."

"आईचं बोनाफाईड आम्ही नाही देत."

मागचे हसले. मी म्हणाले, "आईला इंग्लंडला जायचंय. ती परत येणार हे दाखवायला माझा दाखला लागतोय."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग फॉर्मवर कारणाच्या जागी त्यांनी व्हिसा असं लिहिलं, शिक्का मारला, आणि मला म्हणाले, "शिक्का पुसट आलाय. थांब, परत मारतो."

तो दाखला घेऊन मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले. दोन वर्षं मी त्या इमारतीत जरा पाहुण्यासारखीच वावरत होते. वर्गात मागे बसायची, प्रश्न मनात ठेवायची, ग्रंथालयात पुस्तक मागताना आवाज हळू व्हायचा. कोणीतरी येऊन म्हणेल, तू इथे कशी, असं वाटत राहायचं. आता हातातल्या कागदावर लिहिलं होतं की ही इथली विद्यार्थिनी आहे, आणि त्या एका ओळीच्या भरवशावर आईला परत यायचं होतं. खाली बंदराकडून बर्फ फोडण्याच्या यंत्राचा आवाज येत होता, तसा नेहमीच येतो, पण त्या दिवशी तो मला कुठल्यातरी दुसऱ्या गावातून येतोय असा वाटला.

अर्जासोबतचं पत्र मी लिहिलं. पहिला खर्डा साडेतीन पानांचा झाला. त्यात अबोली होती, विहीर होती, झोळीतलं पोर होतं. काकींनी तो वाचला आणि माझ्यापुढे लाल पेन ठेवलं. मीच एकेक काढत गेले. शेवटी एक पान राहिलं. आधी नकार मिळाला आहे, हे पहिल्याच परिच्छेदात. मागच्या अर्जात भेटीचं कारण अपुरं सांगितलं होतं आणि मुक्काम न विचार करता सहा महिने लिहिला होता, हे खरं खरं. खात्यातली ती रक्कम आईच्या भावाची होती आणि ती त्याला परत गेली, हेही. मग जाण्याची तारीख, येण्याची तारीख, आणि कुठला कागद काय सांगतो ते.

"आईला येण्याची तारीख विचारलीस का?" काकी म्हणाल्या.

"रजेवरून काढली."

"तिला विचार."

मी घरी जाऊन विचारलं. आई चुलीपाशी होती. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि बरोबर तीच तारीख सांगितली. मी चकित झाले. "रजेचं पत्र वाचलंस का?"

"रजेचा काय? पालखी आपल्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी येते. माझ्या घरातून देवीची ओटी दुसरा कोण भरणार? तू भरशील?"

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आमच्या गावात घरोघर जाते. कुठल्या वाडीत कुठल्या दिवशी, ते मानकरी ठरवतात, आणि वर्षानुवर्षं ते साधारण तसंच चालतं. पालखी अंगणात आली की घरातली बाई ओटी भरते. आईने रजा मागताना आधी हा दिवस धरला होता आणि मग तिथून मागे तीन आठवडे मोजले होते. म्हणजे तिच्या परत येण्याची तारीख तिने कुठलाही कागद होण्याआधीच ठरवली होती. अर्ज नाकारला तेव्हा ती मला म्हणाली होती, दाखवायचं काय त्यात. मला ते आत्ता कळलं.

मी काकींना विचारलं, हे लिहू का? याचा दाखला नाही.

त्या थोडा वेळ पेन हातात फिरवत राहिल्या. "एक ओळ लिही. शेवटी. कागद म्हणून नको, माहिती म्हणून."

मी एक ओळ लिहिली: परतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी ग्रामदेवीची पालखी येते आणि तिचा मान माझ्या आईने करायचा असतो.

जानेवारीत आम्ही दोघी मुंबईला गेलो. व्हिसा केंद्रात मला आत सोडलं नाही. काचेच्या दारापलीकडे आई रांगेत उभी होती, हातात प्लास्टिकची फाईल धरून, आणि मधूनच मागे वळून मी आहे का ते बघत होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "बोटांचे ठसे घेतले, फोटो काढलान. कोणी काय विचारलान नाय. मी सगळी उत्तरं पाठ केली होती."

मग वाट बघणं. त्या तीन आठवड्यांतलं मला फार थोडं आठवतं. सकाळी धुकं असे, आंब्याच्या मोहोराचा वास कपड्यांना लागलेला असे, आणि मी दिवसातून वीसदा ईमेल उघडत असे. आई काही विचारत नव्हती. मेथीचे लाडू करावेत की आधी तिकडे नेऊ देतात का ते बघावं, एवढंच ती बोलायची. ताई फोनवर आईला बाळाच्या हालचाली सांगायची आणि शेवटी मला म्हणायची, "आलं काय काही?"

ईमेल एका दुपारी सेंटरमध्ये आला. निर्णय झाला आहे, पासपोर्ट पाठवत आहोत, इतकंच त्यात होतं. हो की नाही ते त्यात नव्हतं. पाकीट कुरिअरने चार दिवसांनी काकींच्या पत्त्यावर आलं. मी ते फोडलं नाही. तसंच छातीशी धरून वडाप रिक्षाने अंगणवाडीवर गेले. मुलं घरी गेली होती आणि आई सतरंज्या झटकत होती. तिने हात पदराला पुसले आणि पाकीट फोडलं. पासपोर्टाची पानं ती शेवटापासून उलटत आली. मध्ये एका पानावर तिचा फोटो असलेला व्हिसा होता.

पाकिटात दुसरं पत्र असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. काही नव्हतं.

"काय शोधतेस?"

"का दिला ते लिहिलं नाहीये."

नकार आला तेव्हा क्रमांक घालून कारणं होती. होकाराला एकही नव्हतं. कशाने त्यांची खात्री पटली, रजेच्या पत्राने, घराच्या उताऱ्याने, सत्तावीस वर्षांनी केलेल्या सहीने, की दुसऱ्यांदा मारलेल्या शिक्क्याने, हे मला कधीच कळणार नाही. काकींना विचारलं तर त्या म्हणतात, सगळं एकमेकांशी जुळलं म्हणून. तसंच असेल.

बाळ आई पोचल्यावर पाच दिवसांनी झालं. मुलगी. फोनच्या पडद्यावर आई तिला मांडीवर घेऊन बसलेली दिसायची, अंगात ताईचा स्वेटर, डोक्याला रुमाल, मागे तेच दुधट आभाळ. इकडे दुपार असे. मी त्यांच्याकडे बघत भाकरी करायची आणि ती करपायची. आई तिकडून म्हणायची, "उलट गो, उलट."

ती ठरल्या दिवशी आली. मुंबईहून येऊन ती घरी पोचली तेव्हा सकाळ होती, आणि ती दाराशी चप्पल काढून आधी अबोलीपाशी गेली. मग झोपली ती दिवसभर. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीच्या टोकाला ढोल वाजायला लागले तेव्हा मी तिला हलवून उठवलं. तिला वेळेचा अंदाज नव्हता. "बाळ उठला काय?" असं ती म्हणाली, आणि मग आढ्याकडे बघत राहिली.

पालखी अंगणात आली. तिने साडीचा पदर सावरला, ओटीचं ताट घेतलं आणि पायऱ्या उतरली. बाबा त्या दिवशी बोटीवर गेले नव्हते. ते खांबाला टेकून उभे होते. खांदेकऱ्यांनी पालखी नाचवून खाली टेकवली. आईने खण, तांदूळ, नारळ ठेवले. हात जोडताना तिचे ओठ हलत होते. ती काय बोलली ते ढोलांच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तिच्या खांद्याला एक लहानसा पांढरा डाग होता, वाळलेल्या दुधाचा. आंघोळ करून घाईत तिने प्रवासात स्वेटरखाली घातलेली तीच चोळी पुन्हा चढवली होती.

संध्याकाळी मी ती फाईल ट्रंकेत ठेवायला गेले. सगळे कागद नेमणुकीच्या आदेशावर ठेवले. माझं बोनाफाईड सगळ्यात वर होतं. आई मागे येऊन उभी राहिली.

"ठेव नीट," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बाळाचा वाढदिवस असेल तेव्हा परत लागतील."

"तोपर्यंत मी तिसऱ्या वर्षाला असेन. नवं बोनाफाईड काढावं लागेल."

"मग काढ," आई म्हणाली, आणि अंगणात सांडलेला गुलाल झाडायला गेली.